एक गोळी, दोन अवयव : स्टॅटिनमुळे पाय दुखतात का?

घरातल्या थोरल्या मंडळींच्या औषधांच्या डब्यात, रात्रीच्या कप्प्यात, एक लहानशी गोळी बऱ्याचदा असते. अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं काहीतरी तिच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. घरात तिला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात. या गोळीबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘ही घेतल्यापासून माझे पाय दुखतात’ ही पहिली आणि ‘हिने लिव्हर खराब होतं’ ही दुसरी. मग कुणी परस्पर गोळी बंद करतं. कुणी मात्र खरोखरच धोक्याची खूण दिसत असूनही ‘वयाचं दुखणं’ म्हणून गोळी घेतच राहतं. चूक दोन्हीकडे होऊ शकते. पहिल्या चुकीची किंमत काही वर्षांनी हृदयविकाराच्या झटक्याच्या रूपाने मोजावी लागू शकते, दुसरीची काही दिवसांतच.

म्हणून या लेखात एकच प्रश्न घेतला आहे : गोळी घेणाऱ्याचे स्नायू दुखायला लागले, तर ते दुखणं गोळीचं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? उत्तरासाठी आधी गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहावं लागेल. आपण साहित्याचे विद्यार्थी असलो तरी घाबरू नका. यात एकच एन्झाइम आहे, आणि त्याची गोष्ट तांदळावरच्या बुरशीपासून सुरू होते.

बुरशीचं हत्यार

अकिरा एंडो हे जपानमधल्या सांक्यो या औषध कंपनीत काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९७१ साली त्यांनी एक तर्क मांडून काम सुरू केलं. काही सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. मग अशा शत्रूंशी लढताना एखादी बुरशी, ते पदार्थ तयार होण्याची वाटच अडवणारं काहीतरी बनवत असेल का? एंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव तपासले. शेवटी क्योतोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळालेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना हवा तो पदार्थ १९७३ साली सापडला. त्याला पुढे कॉम्पॅक्टिन नाव पडलं. जगातलं ते पहिलं स्टॅटिन.

पण उंदरांना दिल्यावर त्यांचं कोलेस्टेरॉल उतरेना. काम तिथेच थांबलं असतं. एंडोंनी मग अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग करायचं ठरवलं. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, म्हणजे कोंबडीच्या शरीरात ते भरपूर तयार होत असणार, हा त्यामागचा साधा विचार. कोंबड्यांमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे कुत्र्यांमध्येही तसंच दिसलं. कॉम्पॅक्टिन स्वतः औषध म्हणून बाजारात आलं नाही. दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेलं त्याचंच भावंड, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि तिथून या औषधांचा घरोघरी प्रवास सुरू झाला.

वाट अडते कुठे?

कोलेस्टेरॉल म्हणजे शरीरातला कचरा नव्हे. पेशीचं आवरण, पित्तरस आणि काही संप्रेरकं त्याच्यापासून बनतात. म्हणून जवळपास प्रत्येक पेशी ते स्वतः तयार करू शकते. त्यात यकृताचा, म्हणजे आपल्या लिव्हरचा, वाटा मोठा. दोन कार्बनचे छोटे तुकडे जोडत जोडत सुमारे तीस पायऱ्यांनी कोलेस्टेरॉलचा रेणू उभा राहतो.

या तीस पायऱ्यांपैकी एक पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. तिथे एचएमजी-कोए नावाच्या पदार्थाचं मेव्हॅलोनेटमध्ये रूपांतर होतं. हे काम करणाऱ्या एन्झाइमचं (शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विकर म्हणायचो) नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. पुढचं सगळं काम किती वेगाने चालेल हे याच पायरीवर ठरतं. घाटातला एकच अरुंद पूल जसा अख्ख्या रस्त्याचा वेग ठरवतो, तसंच.

स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग दिसायला हुबेहूब एचएमजीसारखा असतो. त्यामुळे एन्झाइमच्या ज्या खाचेत एचएमजी-कोए बसायला हवं, तिथे स्टॅटिन जाऊन बसतं. खऱ्या पदार्थापेक्षा ते साधारण हजारपट घट्ट बसतं. एन्झाइम मोडत नाही, फक्त त्याची जागा अडते. म्हणून गोळीचा अंश शरीरातून गेला की काम पुन्हा सुरू होतं. खुर्चीसाठी चाललेली ही स्पर्धा आहे, त्यामुळे या प्रकाराला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात.

आता खरी मेख. आपल्याला वाटतं, कारखाना मंदावला म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालं. पण मुख्य परिणाम तो नाही. यकृताच्या पेशीला आतलं कोलेस्टेरॉल कमी पडतंय हे कळतं, आणि ती बाहेरून मिळवायच्या तयारीला लागते. आपल्या पृष्ठभागावर ती एलडीएल रिसेप्टर नावाचे जास्तीचे ‘हात’ काढते. हे हात रक्तात फिरणारे एलडीएलचे कण पकडून आत ओढतात. एलडीएल म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते. हे हात शोधणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे रक्त साफ होतं ते औषधाने नव्हे, औषधामुळे गरजू झालेल्या यकृताने.

यातून पुढच्या चर्चेसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. या औषधाला काम करण्यासाठी यकृतातच पोहोचायचं आहे. रक्तातून ते स्नायूंपर्यंत गेलं, तर तिथे त्याचा काही उपयोग नाही, त्रास मात्र होऊ शकतो. आतड्यातून शोषलेलं औषध आधी यकृतातच येतं, आणि चांगलं स्टॅटिन बरंचसं तिथेच अडकून राहतं. पुढे निसटून रक्तात जातो तो थोडा भाग. स्नायूंचा सगळा प्रश्न या ‘निसटलेल्या’ भागाचा आहे.

निसटलेलं औषध वाढतं तेव्हा : सेरिव्हास्टॅटिनचा धडा

मेव्हॅलोनेटपासून फक्त कोलेस्टेरॉलच बनत नाही. पेशीतल्या ऊर्जानिर्मितीला लागणारं युबिक्विनोन आणि काही प्रथिनांना जागेवर टांगून ठेवणाऱ्या साखळ्याही त्याच वाटेने तयार होतात. स्नायूच्या पेशीत ही वाट फारच अडली, तर पेशीला इजा होऊ शकते. नेमकी कोणती उणीव सगळ्यात जास्त घातक ठरते यावर अजून एकमत नाही. पण एक गोष्ट पक्की आहे : रक्तात स्टॅटिन जितकं जास्त, तितका स्नायूंना धोका जास्त.

याचा सर्वांत कडू पुरावा सेरिव्हास्टॅटिनने दिला. बायर कंपनीचं हे औषध नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि ऑगस्ट २००१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळत होते. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन रक्तात येतं, मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं. औषध मागे घेतलं गेलं तेव्हा एकट्या अमेरिकेत या कारणाने झालेल्या ३१ मृत्यूंची नोंद होती.

त्या ३१ पैकी १२ जण जेमफिब्रोझिल नावाचं दुसरं औषधही घेत होते. तेही चरबी कमी करणारंच, पण वेगळ्या जातीचं : रक्तातले ट्रायग्लिसराइड उतरवणारं. मग दोन्ही एकत्र घेतल्यावर नेमकं काय होत होतं? जेमफिब्रोझिलपासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ, सेरिव्हास्टॅटिनची विल्हेवाट लावणारं यकृतातलं एन्झाइम बंद पाडतो. शिवाय औषधाला यकृतात आत घेणारं दारही तो अडवतो. परिणामी औषध यकृतात कमी आणि रक्तात जास्त राहतं. निरोगी स्वयंसेवकांवर पुढे झालेल्या अभ्यासात, जेमफिब्रोझिलसोबत दिल्यावर रक्तातलं सेरिव्हास्टॅटिन सरासरी साडेपाच पटींहून जास्त वाढलेलं दिसलं. गोळी तीच, डोस तोच. पण स्नायूंच्या दृष्टीने माणूस जणू एकाच वेळी पाच-सहा गोळ्या घेत होता.

आज सेरिव्हास्टॅटिन नाही, पण धडा जसाच्या तसा लागू आहे. सिम्व्हास्टॅटिनची विल्हेवाट यकृतातलं एक वेगळं एन्झाइम लावतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे छातीच्या संसर्गासाठी दिलं जाणारं अँटिबायोटिक त्या एन्झाइमला बंद पाडतं. म्हणून ही दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत असा नियम आहे. अॅटोर्व्हास्टॅटिनचा डोसही अशा वेळी मर्यादेत ठेवतात. एखाद्याने पाच वर्षं सुखाने स्टॅटिन घेतलं आणि छातीच्या संसर्गावर नवं औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात मांड्या भरून आल्या, तर ‘गोळी तर जुनीच आहे’ असं म्हणून चालत नाही. गोळी जुनी असली तरी रक्तातलं तिचं प्रमाण नवं असतं.

ही गंभीर अवस्था किती वेळा होते? फार क्वचित. वर्षाला दहा हजार रुग्णांमागे एखादा, किंवा त्याहूनही कमी. पण तिची खूण घरी दिसू शकते : दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखेच दुखणं, खुर्चीतून उठताना जोर न लागणं, आणि लघवीचा रंग कोकाकोलासारखा किंवा गडद चहासारखा होणं. प्रयोगशाळेत याला एक सुंदर दुजोरा मिळतो. लघवीत बुडवलेली पट्टी ‘रक्त आहे’ म्हणते, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या लाल पेशी दिसत नाहीत. कारण पट्टीला फसवणारं ते रक्त नसतं, स्नायूंतलं मायोग्लोबिन असतं. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

बारा बाटल्यांचा प्रयोग

पण बहुतेकांची तक्रार इतकी भयंकर नसते. पोटऱ्या दुखतात, अंग जड वाटतं, जिना चढवत नाही. हे दुखणं गोळीचं असतं का?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी यासाठी एक अफलातून प्रयोग केला. त्याचं नाव सॅमसन, निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ६० असे लोक घेतले, ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन आधीच सोडून दिलं होतं. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अॅटोर्व्हास्टॅटिनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. चार बाटल्यांत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या होत्या. उरलेल्या चार बाटल्या रिकाम्या होत्या. महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात काही घेत नाही हे कळायचं, पण गोळीच्या महिन्यात ती खरी की खोटी हे कळायचं नाही. त्रास किती होतो ते प्रत्येकाने रोज शंभरपैकी गुणांनी नोंदवायचं.

निकाल असा आला. रिकाम्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण ८. खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. पुन्हा वाचा. गोळी घेतल्याने त्रास वाढला होता, हे खरंच होतं. पण त्या वाढीचा जवळजवळ नव्वद टक्के भाग खोट्या गोळीनेही तसाच घडवला होता.

इथे आपल्या आवडीचा शब्द येतो. खोट्या गोळीला ‘प्लासीबो’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी संतुष्ट करीन’. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतून तो इंग्रजीत आणि पुढे वैद्यकात आला. त्याच्या उलटा शब्द ‘नोसिबो’, म्हणजे ‘मी अपाय करीन’. अपाय होणार ही अपेक्षाच शरीरात दुखणं जागवते, त्याला नोसिबो परिणाम म्हणतात. हे दुखणं ढोंग नव्हे. खोट्या गोळीच्या महिन्यात कळवळणाऱ्या माणसाला खरोखर दुखत होतं. म्हणून ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून झटकणं जितकं चूक, तितकंच ‘बघ, गोळीनेच दुखतंय’ हेही चूक. प्रयोगात भाग घेतलेल्यांना त्यांचे स्वतःचे आकडे दाखवल्यावर, सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी निम्मे पुन्हा स्टॅटिन घेत होते.

मग गोळीमुळे होणारं दुखणं खोटंच का? तसंही नाही. २०२२ साली १९ मोठ्या चाचण्यांमधल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्नायू दुखल्याची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. फरक लहान, पण आहे, आणि तो मुख्यतः पहिल्या वर्षात दिसतो. संशोधकांच्या हिशोबाने, स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंच्या साधारण पंधरा तक्रारींपैकी एक गोळीमुळे असते, चौदा दुसऱ्या कशामुळे. सोळाव्याच्या दारात कोण उभं आहे, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं तपासावं लागतं.

आणि लिव्हर?

स्टॅटिन यकृतात काम करतं, म्हणून ते यकृत बिघडवत असेल असं वाटणं साहजिक आहे. शंभरातल्या साधारण एका रुग्णात एएलटी हे एन्झाइम रक्तात सामान्य मर्यादेच्या तिपटीवर जातं. डोस जास्त असेल तर हे प्रमाण थोडं वाढतं. पण बहुतेकदा हा आकडा डोस कमी केल्यावर किंवा आपोआपच उतरतो, आणि खरी गंभीर इजा अगदी दुर्मीळ असते. म्हणून २०१२ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दर काही महिन्यांनी लिव्हरची तपासणी करत राहण्याची अट काढून टाकली. सुरुवातीला एकदा, आणि नंतर लक्षणं दिसली तर, एवढं पुरतं. लक्षणं म्हणजे डोळे पिवळे होणं, भूक मरणं, लघवी गडद होणं, विलक्षण थकवा.

रिपोर्ट वाचताना एक सापळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एएसटी नावाचं दुसरं ‘लिव्हरचं एन्झाइम’ स्नायूंतही भरपूर असतं. त्यामुळे स्नायूंना इजा झाली तरी एएसटी चढतं, आणि घरचे म्हणतात लिव्हर गेलं. अशा वेळी सीके तपासतात. सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे स्नायूंचं एन्झाइम आहे. यकृतात ते जवळपास नसतं. एएसटीसोबत सीकेही चढलं असेल, तर संशय यकृतावर नाही, स्नायूंवर घ्यायचा.

एक केस, पायरी पायरीने

आता हे सगळं एका उदाहरणात लावून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली वाट डॉक्टर खरोखर चालतात तीच.

समजा, एक ५८ वर्षांच्या काकू आहेत. मधुमेह आहे, एलडीएल १६८. डॉक्टरांनी अॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू केलं. सहा आठवड्यांनी एलडीएल ९६ वर आलं, म्हणजे सुमारे ४३ टक्के कमी. या डोसला अपेक्षित तितकंच. पण काकू म्हणतात, ‘डॉक्टर, दोन्ही मांड्या दुखतात, अंगात त्राणच नाही.’

पहिला प्रश्न दुखण्याच्या ठिकाणाचा. एकच गुडघा किंवा एकच टाच दुखत असती, तर सांध्याचा संशय आधी. इथे दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, आणि सुरुवात गोळीनंतर काही आठवड्यांनी झाली. म्हणजे गोळी संशयित आहे.

दुसरा प्रश्न धोक्याचा. लघवीचा रंग नेहमीसारखा. नवं औषध काही नाही. सीके ३१०, बायकांसाठी त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १७०. म्हणजे दुपटीहूनही कमी. सीके मर्यादेच्या दहापटीच्या पुढे गेलं असतं, तर गोळी तत्काळ बंद करून मूत्रपिंड तपासावं लागलं असतं. रॅब्डोमायोलिसिसमध्ये हा आकडा अनेक हजारांत जातो. ३१० मध्ये घाई नाही, विचाराला वेळ आहे. सीके मोजण्याच्या आदल्या दिवशी शेतात किंवा घरात जड काम झालं होतं का, हेही विचारायचं, कारण तेवढ्यानेही सीके चढतं.

तिसरा प्रश्न : दुसरं कोण? हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. काकूंची थायरॉइडची तपासणी केली, तर टीएसएच १४ आलं. सामान्य मर्यादा साधारण साडेचारपर्यंत. म्हणजे थायरॉइड मंद आहे. मंद थायरॉइडमुळे एलडीएल वाढतं, सीके वाढतं, मांड्या दुखतात आणि अंगातलं त्राणही जातं. वर अशा माणसाला स्टॅटिनमुळे स्नायूंचा त्रास होण्याची शक्यताही जास्त असते. सगळ्या तक्रारींच्या मुळाशी कदाचित तेच असेल.

डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवलं आणि थायरॉइडची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी टीएसएच जागेवर, सीके १४०, मांड्या मोकळ्या. आता सांगा, दोषी कोण होतं? इथे घाईने निकाल द्यायचा मोह होतो. पण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत, तेव्हा नुसत्या बरं वाटण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून चौथी पायरी, आणि निर्णायक तीच : तीच गोळी, त्याच डोसने पुन्हा सुरू करून पाहणं. काकूंनी महिनाभर गोळी घेतली, रोज दुखण्याला दहापैकी गुण दिले. दुखणं परतलं नाही. सीके तसंच राहिलं. एलडीएल मात्र ८४ वर उतरलं, आधीच्या ९६ पेक्षाही कमी, कारण आता थायरॉइडही साथ देत होतं. काकूंच्या स्नायूंना ही गोळी एकटी त्रास देत नव्हती, हे आता म्हणता येतं.

समजा दुखणं परतलं असतं, थांबवल्यावर गेलं असतं आणि पुन्हा दिल्यावर पुन्हा आलं असतं, तर? तर ते खरं मानायचं. मग डोस कमी करायचा, किंवा दुसरं स्टॅटिन बघायचं. एक दुर्मीळ प्रकार मात्र या चौकटीत बसत नाही. काही मोजक्या रुग्णांचं शरीर एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं, आणि गोळी थांबवल्यावरही स्नायूंची शक्ती जातच राहते, सीके उतरत नाही. तिथे नुसतं थांबून चालत नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार लागतात, आणि स्टॅटिन पुन्हा कधीच द्यायचं नसतं.

ज्यांना खरंच जमत नाही

काहींना कोणतंच स्टॅटिन पुरेशा डोसने सोसत नाही. त्यांच्यासाठी वाट आहे. डोस कमी ठेवला तरी फार बिघडत नाही, कारण स्टॅटिनचा बहुतेक परिणाम पहिल्या लहान डोसनेच मिळतो. पुढे डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. उरलेली कसर इझेटिमाइब भरून काढू शकतं. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल आत घेणारं दार अडवतं आणि एलडीएल वीस टक्क्यांच्या आसपास खाली आणतं.

पण या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात बोलकं औषध बेम्पेडोइक अॅसिड. तेही कोलेस्टेरॉल बनण्याचीच वाट अडवतं, फक्त एचएमजी-कोएच्या थोडं आधी. मात्र ते शरीरात शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला जागं करणारं एन्झाइम यकृतात आहे, हातापायांच्या स्नायूंत नाही. म्हणजे ते निसटून स्नायूंत गेलं, तरी तिथे झोपलेलंच राहतं. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे चौदा हजार लोकांवर झालेल्या चाचणीत, २०२३ साली, त्याने हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं, आणि स्नायूंची तक्रार खोट्या गोळीपेक्षा जास्त नव्हती. फुकट मात्र काहीच मिळत नाही. हे औषध रक्तातलं युरिक अॅसिड वाढवतं, आणि त्या गटात गाउटचा त्रास जास्त लोकांना झाला. तेव्हा ज्यांच्या पायाचा अंगठा आधीच कधी लाल होऊन सुजलेला आहे, त्यांनी गोळी बदलून मागण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी.